ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नाही: ग्राहक आयोगात स्वतः तक्रार कशी लावायची

आमच्या फ्रिजची गोष्ट साधी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सणासुदीच्या सेलमध्ये एका मोठ्या ऑनलाइन बाजारावरून २७,४९० रुपयांना घेतला. पंधराव्या दिवशी खालच्या कप्प्यातलं दूध नासलं. परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती, ती संपलेली. पुढे दोन महिने मेकॅनिक येत राहिले, गॅस भरत राहिले आणि फ्रिज दर वेळी वीसेक दिवसांत पुन्हा गरम पडत राहिला. विक्रेता म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे पार्ट येतोय, अ‍ॅपवाले म्हणत मुदत संपली. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली, वकील न करता. निकाल लागायला चौदा महिने गेले, पण पैसे व्याजासकट परत आले.

आता नात्यात, शेजारी कुणाचं काही बिघडलं की फोन मला येतो. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. पूर्वी याला ‘ग्राहक मंच’ म्हणायचे, अजूनही बोलताना तसंच म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आल्यापासून नाव ‘आयोग’ झालं. शोधताना दोन्ही नावं वापरा.

१. ‘रिटर्नची मुदत संपली’ हे उत्तर कुठवर खरं?

बहुतेक लोक इथेच हात टेकतात, म्हणून आधी हे.

सात किंवा दहा दिवसांची मुदत ही त्या अ‍ॅपची स्वतःची सोय आहे. त्या दिवसांत कारण फारसं न विचारता ते वस्तू बदलून देतात, एवढाच तिचा अर्थ. वस्तूच सदोष असेल तर तुमचा हक्क त्या मुदतीबरोबर संपत नाही. वॉरंटी वेगळी चालू असते, आणि आयोगात तक्रार लावायला कायद्याने तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं दिलेली आहेत. ही दोन वर्षं नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो; तो घालायची वेळच येऊ देऊ नका, वस्तू घरी आली त्या तारखेपासून मोजा.

ई-कॉमर्ससाठी २०२० साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. त्यातला सहावा नियम विक्रेत्यांसाठी आहे: वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मी प्रत्येक पत्रात हा नियम लिहिला. त्याने कुणी घाबरत नाही, पण पुढे आयोगासमोर ‘आम्हाला मागणी कळलीच नव्हती’ असं म्हणायला जागा उरत नाही.

एक अडचण मात्र आधी तपासा. ऑर्डर करताना कराचा फायदा मिळावा म्हणून दुकानाचा किंवा कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकला होता का? तसं असेल तर समोरचा पहिला मुद्दा हाच काढेल की ही खरेदी व्यापारासाठी आहे, तुम्ही ‘ग्राहक’च नाही. स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र, समजा घरी शिलाई करणाऱ्या बाईने घेतलेलं मशीन, याला कायद्यात सूट आहे. पण ते तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं.

२. दोष दिसला त्याच दिवशी करायची कामं

मला विचाराल तर केस इथेच जिंकली किंवा हरली जाते. आयोगात साक्षीदारांची उलटतपासणी वगैरे सहसा होत नाही. कागद आणि शपथपत्रं यांवरच सगळं चालतं. तुमच्या सांगण्याला कागद नसेल तर तुम्ही कितीही खरं बोलत असलात तरी उपयोग नाही.

पहिलं, बिल उतरवून घ्या. अ‍ॅपमधलं ‘ऑर्डरचं पान’ म्हणजे बिल नव्हे. बिलाची पीडीएफ वेगळी असते, तिच्यावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असतो. त्याबरोबर त्या वस्तूच्या विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, विशेषतः वॉरंटी आणि वैशिष्ट्यं लिहिलेला भाग. ही पानं बदलतात, कधी गायबही होतात.

दुसरं, दोष मोजता येत असेल तर मोजा. ‘फ्रिज नीट थंड होत नाही’ हे मत झालं. माझ्या भावाने सुचवलं म्हणून मी पाण्याचा ग्लास मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवला, त्यात साधा थर्मामीटर उभा केला आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या फोटो काढला. पारा १३ अंशांवर. चांगल्या फ्रिजमध्ये तो ४-५ अंशांच्या आसपास हवा. फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्रही दिसेल असं ठेवलं होतं. घरच्यांनी तेव्हा चेष्टा केली, पण निकालपत्रात त्या फोटोचा उल्लेख आला. फोन असेल तर तो किती मिनिटांत आपोआप बंद पडतो याचा सलग व्हिडिओ घ्या, वॉशिंग मशीन असेल तर पडद्यावर येणाऱ्या एररचा. अनुक्रमांक एकदा तरी फोटोत आला पाहिजे, नाहीतर ‘ही आमची वस्तूच नाही’ असं ऐकावं लागतं.

तिसरं, गल्लीतल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. एकदा बाहेरच्या माणसाने स्क्रू उघडला की ‘छेडछाड केली’ म्हणून वॉरंटीही जाते आणि दोषाचा पुरावाही.

खोका उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर दावाच नाही, असं कस्टमर केअरवाले सांगतात. कायद्यात अशी अट नाही. खोक्यात दगड किंवा भलतीच वस्तू निघाली तर त्या व्हिडिओचा मोठा आधार होतो, हे खरं. पण पंधरा दिवसांनी उघड झालेल्या दोषाशी त्याचा संबंध नाही.

३. मेकॅनिक, जॉबशीट आणि ओटीपी

या भागात मी दोनदा फसले.

मेकॅनिक आला, त्याने गॅस भरला, फ्रिज थंड व्हायला लागला. जाताना म्हणाला, “ताई, मोबाईलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.” मी सांगितला. एकोणीस दिवसांनी पुन्हा तीच कथा, दुसरा मेकॅनिक, पुन्हा गॅस, पुन्हा ओटीपी. तिसऱ्या वेळी मुलीने तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तक्रारीचं पूर्ण निवारण झालं असेल तरच हा क्रमांक द्या. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळी मी स्वतःच्या हाताने ‘समाधान झालं’ असं लिहून दिलं होतं. पुढे कंपनीने लेखी जबाबात नेमकं हेच मांडलं: दोन्ही तक्रारी ग्राहकाच्या संमतीने बंद.

तिसऱ्या वेळी मी ओटीपी दिला नाही. मुलगा बिचारा म्हणाला, “माझा कॉल पेंडिंग दिसतो हो, पगारातून कापतात.” त्याचं खरंही असेल. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, जॉबशीटवर दोष लिहा, मग देते. त्याने लिहिलं: ‘कूलिंग नाही, आतल्या पाइपमधून गॅस गळती, पार्ट हवा.’ या एका ओळीने केस उभी राहिली. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, पेट्रोलसारखा संपत नाही. नव्या फ्रिजमध्ये दीड-दोन महिन्यांत दोनदा भरावा लागला याचा अर्थ कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं. उत्पादनातच दोष आहे हे दाखवायला अशी पुन्हा पुन्हा झालेली तीच ती दुरुस्ती फार उपयोगी पडते.

म्हणून प्रत्येक फेरीत हे पाळा: जॉबशीटची प्रत किंवा फोटो घ्या. त्यावर ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘ग्राहकाच्या वापरामुळे’ असं काही लिहिलेलं असेल आणि ते खोटं असेल तर सही करताना शेजारी ‘अमान्य’ लिहून तारीख टाका. आणि चुकून ओटीपी दिला गेला असेल तर दोष परत दिसताच कंपनीला ईमेल करा की दुरुस्ती टिकली नाही. दुसऱ्या खेपेनंतर मी असा ईमेल केला होता, म्हणून वाचले.

४. अ‍ॅपच्या चॅटमधून बाहेर पडा

चॅटवर बोलून आपल्याला वाटतं तक्रार केली. पण ते संभाषण पुढे सापडेलच असं नाही आणि समोरचा माणूस दर वेळी नवा. चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, पण खरी तक्रार ईमेलने करा, आणि ती तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर दाखवणं नियमाने बंधनकारक आहे. पान खाली सरकवत गेलात की बारीक अक्षरात Grievance Officer किंवा तशाच नावाचा दुवा सापडतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते.

माझा ईमेल असा होता:

“दि. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑर्डर क्र. ... अन्वये घेतलेला फ्रिज (अनुक्रमांक ...) दि. २९ ऑक्टोबरपासून थंड होत नाही. तीन वेळा तंत्रज्ञ येऊन गेले, दोन वेळा गॅस भरला, दोष कायम आहे. जॉबशीट व फोटो जोडले आहेत. ई-कॉमर्स नियम, २०२० मधील नियम ६ नुसार मला वस्तू परत घेऊन रु. २७,४९० परत हवे आहेत. तसेच विक्रेत्याचे कायदेशीर नाव, नोंदणीकृत पत्ता, ईमेल व दूरध्वनी लेखी कळवावा.”

शेवटची ओळ सोडू नका. विकत घेतल्यानंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याची माहिती देणं ऑनलाइन बाजारावर नियम ५ नुसार बंधनकारक आहे, आणि ही माहिती पुढच्या पायरीला लागतेच.

याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा: फोन १९१५, किंवा consumerhelpline.gov.in. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण अनेक मोठ्या कंपन्या या यंत्रणेशी जोडलेल्या आहेत. पण हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीकडे पोचवते, पाठपुरावा करते, आदेश देऊ शकत नाही. कंपनीने ‘निवारण केले’ असं लिहून टाकलं तर तिथे ती तक्रार बंद होते. माझी तशीच झाली. त्या पानाची प्रिंट काढून ठेवली.

५. सामनेवाले कोण, हे नीट ठरवा

ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना आपल्याकडे आयोगात ‘सामनेवाले’ म्हणतात. नवख्या माणसाची सर्वांत महागडी चूक इथे होते: तो फक्त अ‍ॅपच्या नावावर तक्रार लावतो. अ‍ॅपवाले येऊन सांगतात की आम्ही केवळ बाजार भरवतो, माल दुसऱ्याने विकला. त्यांचं हे म्हणणं कधी मान्य होतं, कधी होत नाही. मान्य झालं तर तुमच्या तक्रारीत दुसरं कुणी उरलेलंच नसतं.

म्हणून तिघांनाही घ्या. क्रमांक १ विक्रेता, क्रमांक २ ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी, क्रमांक ३ उत्पादक. तिघांचीही जाहिरातीतली नावं नकोत, कायदेशीर नावं हवीत. विक्रेत्याचं नाव बिलावर Sold By या शब्दांपुढे असतं आणि ते बहुतेक वेळा आपण कधीच न ऐकलेलं निघतं. त्याचा जीएसटी क्रमांक gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला की नोंदणीचं नाव आणि ती नोंदणी चालू आहे की रद्द, हे कळतं. माझ्या विक्रेत्याची नोंदणी तोवर रद्द झालेली होती! एकट्या त्याच्यावर विसंबले असते तर निकाल हातात आणि वसुली शून्य, अशी गत झाली असती.

६. नोटीस

तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तरी द्या. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या सहीने चालते. दीड पानात बसवा: काय घेतलं, कधी बिघडलं, कुणाला कधी कळवलं, काय मागणं आहे आणि १५ दिवसांत न झाल्यास आयोगात जाईन. तिघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीची सेवा घेऊन. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली, तेव्हा ‘आरपीएडी करा’ असं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. पावतीवरचा क्रमांक टाकून ‘पोचले’ हे पान प्रिंट करा. काही दिवसांनी ते दिसेनासं होतं. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा आणि तक्रारीला जोडा.

७. कुठल्या आयोगात आणि फी किती

अ‍ॅपच्या अटींमध्ये बहुधा लिहिलेलं असतं की वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात चालेल. ग्राहकाला ते आड येत नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार लावता येते. हा या कायद्याने दिलेला सर्वांत मोठा दिलासा, असं मला वाटतं. बंगळुरूच्या कंपनीला आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी यावं लागतं.

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. लक्षात घ्या, मोजायची ती दिलेली किंमत, नुकसानभरपाईची मागणी नव्हे. फीसुद्धा त्याच किमतीवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. म्हणजे फ्रिज, फोन, सोफा, शिलाई मशीन, यांच्यासाठी तुम्हाला प्रिंट, झेरॉक्स, नोटरी आणि पोस्ट एवढाच खर्च. माझे सगळे मिळून बाराशेच्या आसपास गेले.

८. तक्रार अर्ज

हाताशी हे कागद असावेत: बिल, पैसे दिल्याचा पुरावा (बँकेचं स्टेटमेंट, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर बिलावर तसं लिहिलेलं असतं), वॉरंटी कार्ड, विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट, दोषाचे फोटो, सगळ्या जॉबशीट, ईमेल आणि चॅट, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक, नोटीस, पोस्टाच्या पावत्या आणि पोच, तुमचं ओळखपत्र आणि राहण्याचा पुरावा.

अर्जाच्या वर अनुक्रमणिका आणि तारखांची यादी लागते. ही यादी मन लावून करा. अध्यक्ष आणि सदस्य सर्वांत आधी तीच पाहतात असा माझा अनुभव. एका ओळीत एक तारीख, एक घटना आणि पुढे जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक. भावना तिथे नको. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘ऐन दिवाळीत आमच्यावर डोंगर कोसळला’ असं वाक्य होतं, ते आमच्या शेजारच्या निवृत्त कोर्ट कारकुनांनी हसत खोडलं.

मुख्य अर्जात परिच्छेदांना क्रमांक द्या. पक्षकार, खरेदी, दोष, पाठपुरावा, नोटीस, आयोगाचं अधिकारक्षेत्र, तक्रार दोन वर्षांच्या आत आहे हे विधान, आणि शेवटी मागणी. मागणी माझी अशी होती: रु. २७,४९० परत, पैसे दिल्याच्या तारखेपासून व्याजासह. मानसिक त्रासापोटी १५,००० आणि तक्रार खर्चापोटी ५,०००. तिघांवर संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी. ‘संयुक्त आणि वैयक्तिक’ हे शब्द हवेतच, मग तिघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसुली मागता येते. फ्रिजसाठी पाच लाखांची भरपाई मागणारे अर्ज मी तिथे पाहिले. मागायला पैसे पडत नाहीत, पण त्याने अर्जाचं वजन कमी होतं. मला शेवटी त्रासाचे ५,००० आणि खर्चाचे ३,००० मिळाले.

अर्जासोबत शपथपत्र लागतं. स्क्रीनशॉट आणि ईमेलच्या प्रिंट जोडल्या असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधल्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडा: कुठल्या फोनवरून किंवा संगणकावरून ही प्रत काढली आणि ती मुळाबरहुकूम आहे, हा त्याचा मुख्य आशय.

९. दाखल करणं

ऑनलाइन दाखल करायचं संकेतस्थळ e-jagriti.gov.in. मी ई-दाखिलवर केलं होतं; जानेवारी २०२५ पासून ई-जागृती सुरू झालं, आणि आता नव्या तक्रारी तिथे जातात. मोबाईल आणि ईमेलने खातं उघडायचं, जिल्हा आयोग निवडायचा, पक्षकारांची माहिती भरायची आणि पीडीएफ चढवायच्या. पानांना सलग क्रमांक असू द्या आणि स्कॅन वाचता येईल असा असू द्या. फोनवर तिरके काढलेले फोटो हे त्रुटी निघण्याचं नेहमीचं कारण.

दाखल केल्यावर कार्यालय तपासणी करतं आणि त्रुटी असतील तर कळवतं. हा मेसेज स्पॅममध्ये पडून मुदत निघून गेलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून खात्यात दर दोन दिवसांनी डोकावा. ऑनलाइन लावलं तरी कागदी संच मागतात, निदान माझ्याकडे मागितले. किती हवेत ते कार्यालयात फोन करून विचारा आणि स्वतःसाठी एक जास्तीचा करा.

१०. तारखा

पहिली तारीख दाखल करून घेण्याची. तक्रार प्रथमदर्शनी ठीक आहे का, एवढंच पाहतात. २१ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. मग सामनेवाल्यांना नोटीस निघते. त्यांना लेखी जबाबासाठी ३० दिवस, आणि आयोगाने दिलेच तर आणखी १५. त्यापुढे नाही. माझ्या प्रकरणात विक्रेता आलाच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फा आदेश झाला. कंपनीचे वकील मात्र त्रेचाळिसाव्या दिवशी जबाब घेऊन हजर.

नंतर तुमचं पुराव्याचं शपथपत्र, त्यांचं शपथपत्र, दोघांचा लेखी युक्तिवाद आणि मग तोंडी. तोंडी युक्तिवादाचं दडपण घेऊ नका. मला अध्यक्षांनी तीनच प्रश्न विचारले: फ्रिज आता कुठे आहे, बाहेरच्या कुणाकडून दुरुस्त केला का, आणि दुसरा फ्रिज घेतला का. तिन्हींचे कागद हातात होते.

कंपनीचा मोठा आक्षेप होता की तज्ज्ञाचा अहवाल नाही. दोष पाहून किंवा कागदावरून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. माझं उत्तर एवढंच होतं की कंपनीच्याच तंत्रज्ञाने जॉबशीटवर गळती लिहिली आहे, त्याहून वेगळा तज्ज्ञ कोणता आणू? ते मान्य झालं. जॉबशीट नसती तर तपासणीचा खर्च आणि आणखी काही महिने गेले असते.

कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागल्यास पाच महिने म्हटलंय. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्षाची मनाची तयारी ठेवा. मधेच मध्यस्थीचा किंवा तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. मला वर्षभरानंतर ‘नवा फ्रिज घ्या आणि तक्रार मागे घ्या’ असं सांगण्यात आलं. तोवर मी दुसरा घेतला होता, म्हणून नाही म्हटलं. तुम्हाला पटलं तर घ्या, पण तडजोड आयोगासमोर लेखी नोंदवा. फोनवरच्या शब्दावर तक्रार मागे घेतलीत तर परत पहिल्या पायरीवर.

आणि तारीख चुकवू नका. तक्रारदार गैरहजर म्हणून तक्रार फेटाळली जाऊ शकते. जाता येत नसेल तर व्हिडिओ सुनावणीसाठी आधी अर्ज द्या.

११. निकालानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. तीत पैसे किती दिवसांत द्यायचे ते लिहिलेलं असतं. माझ्यात ४५ दिवस होते. समोरच्याला राज्य आयोगाकडे अपील करायलाही ४५ दिवसच असतात, आणि त्यासाठी आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. सत्तावीस हजारांच्या फ्रिजसाठी कंपन्या बहुधा त्या भानगडीत पडत नाहीत. मुदतीत पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यायचा, बोलीभाषेत दरखास्त. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मी चाळिसाव्या दिवशी कंपनीच्या वकिलांना हे कलम लिहून ईमेल केला.

तीन दिवसांनी दारात टेम्पो. “फ्रिज न्यायला आलोय.” पैसे? “ते ऑफिसकडून येतील.” आदेशात स्पष्ट होतं की रक्कम मिळाल्यावर तक्रारदाराने फ्रिज परत करावा. मी तो परिच्छेद दाखवला आणि टेम्पो रिकामा पाठवला. पुढच्या आठवड्यात खात्यात रक्कम जमा झाली. व्याजाचा हिशेब कॅल्क्युलेटरवर दोनदा ताडून पाहिला, मगच फ्रिज सोडला, आणि नेणाऱ्याकडून अनुक्रमांक, तारीख आणि सही असलेली पावती घेतली. ती आदेशाच्या प्रतीला टाचून ठेवली आहे.